लोकसंख्या वाढली, पट्टी मात्र आखडली

आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर शहरांच्या लोकसंख्येचे बार चार्ट रेसचे व्हिडिओ सारखे फिरत असतात. रंगीत पट्ट्या धावतात, एकमेकींना मागे टाकतात आणि कोपऱ्यात वर्ष पळत असतं. दिल्लीची पट्टी मुंबईच्या वर चढली की ग्रुपवर हळहळ सुरू होते. मजा आहेच, कारण कोण पुढे जाणार याची उत्सुकता लागते. पण त्या पट्ट्यांवरून कोण कितीने वाढलं हे सांगायला गेलात, तर फसाल.

बहुतेक व्हिडिओंमध्ये सर्वांत मोठी पट्टी कायम पडद्याच्या कडेपर्यंत ताणलेली असते. म्हणजे मोजपट्टीच दर क्षणी बदलत राहते. जनगणनेचे आकडे घेऊन बघू. 1991 मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 99.3 लाख होती आणि दिल्ली राज्याची 94.2 लाख. पूर्ण लांबी 10 सेंटिमीटर धरली, तर मुंबईची पट्टी 10 आणि दिल्लीची 9.5 सेंटिमीटर. 2011 मध्ये दिल्ली झाली 167.9 लाख, मुंबई 124.4 लाख. आता 10 सेंटिमीटर दिल्लीचे आणि मुंबईच्या वाट्याला आले 7.4. वीस वर्षांत मुंबईत 25 लाख माणसं वाढली आणि पट्टी अडीच सेंटिमीटरहून जास्त आखडली! बघणाऱ्याला वाटतं, मुंबई ओस पडत चालली आहे.

(तुलनाही सरळ नाही. दिल्लीचा आकडा अख्ख्या राज्याचा आहे, मुंबईचा फक्त महापालिका हद्दीचा. ठाणे, कल्याण, नवी मुंबई त्यात नाहीत.)

दुसरी गोम मधल्या वर्षांची. जनगणना दहा वर्षांनी होते, व्हिडिओ मात्र सेकंदाला तीसेक चित्रं दाखवतो. मधले आकडे सॉफ्टवेअर भरतं, बहुधा दोन जनगणनांमध्ये सरळ रेघ ओढून. 1991 ते 2001 या काळात मुंबई वर्षाला साधारण 2 लाखांनी वाढली आणि दिल्ली 4.4 लाखांनी. सुरुवातीचं 5 लाखांचं अंतर त्या हिशोबाने 1993 च्या पूर्वार्धात मिटतं. सरळ रेघेऐवजी चक्रवाढीचा हिशोब धरला, तर तोच क्षण सहाएक महिने पुढे सरकतो. ज्या ओव्हरटेकवर अख्खा ग्रुप चेकाळतो, तो कोणीही मोजलेला नाही. असे व्हिडिओ पुढे 2050 पर्यंत पळवून ‘भविष्य’ दाखवतात, ते तर निव्वळ अंदाज आहेत. पुरावा म्हणून ते पुढे पाठवू नयेत.

शिवाय 1991 ची पट्टी 2011 येईपर्यंत पडद्यावरून गेलेली असते, त्यामुळे तुलना आठवणीशी करावी लागते. त्यातच पट्ट्या जागा बदलत असतात आणि डोळा बदलत्या क्रमामागे धावतो, लांबीकडे लक्षच जात नाही. हेच आकडे साध्या रेषालेखात मांडले की सगळी वर्षं एकदम समोर राहतात. दिल्लीची रेघ जास्त चढती दिसते, पण मुंबईचीही चढतीच दिसते.

पुढचा व्हिडिओ आला की वरच्या मोजपट्टीवरच्या खुणा बघा. 50 लाख, 1 कोटी असे आकडे डावीकडे सरकत असतील, तर समजा की मोजपट्टी बदलते आहे. तेव्हा पट्टीच्या टोकाला छापलेला आकडाच वाचा.