नंबर वाढला, मग उपचाराचा उपयोग काय?
मुलांचा मायनस नंबर आवरण्याबाबत पालकांसाठी माहितीपत्रक

फोंड्यातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात वरचा प्रश्न आम्हांला दर आठवड्याला ऐकावा लागतो. विशेष काचांसाठी साध्या काचांपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले असतात, आई-वडील सहा महिन्यांनी मुलाला घेऊन येतात आणि नंबर पाव-अर्धा वाढलेला निघतो. वाईट वाटणे साहजिक आहे. म्हणून या उपचारांतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मायनस नंबर लागतो तो बहुतेक मुलांत डोळा पुढून मागे जास्त लांब वाढल्यामुळे. वाढलेली लांबी परत कमी होत नाही. त्यामुळे थेंब, काचा किंवा मोकळी हवा यांपैकी कशानेही आलेला नंबर उतरत नाही. उपचाराने वाढीचा वेग कमी होतो, एवढेच. पण ते 'एवढेच' मोठे आहे, कारण नंबर जितका जास्त, तितका पुढच्या आयुष्यात पडदा सुटण्याचा आणि पडद्याचा मधला भाग झिजण्याचा धोका जास्त.

म्हणून नंबराच्या जोडीने डोळ्याची लांबीही मोजून घ्या. यंत्रासमोर हनुवटी टेकवून काही सेकंद बसायचे, डोळ्याला काही लागत नाही. नंबर मात्र थेंब घालून, बाहुली मोठी करूनच तपासायला हवा. मूल तपासताना नकळत डोळ्यावर ताण देते आणि नंबर खरा आहे त्याहून जास्त दिसतो. या थेंबांनंतर जवळचे धूसर दिसते, तेव्हा दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर तपासणी पुढे ढकला.

एका मुलीची गोष्ट

डिचोली भागातली आठ वर्षांची मुलगी. वर्षभरात नंबर मायनस 1.25 वरून 2.00 वर गेलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विशेष काचा सुचवल्या, आम्ही त्या बसवून दिल्या. त्या दिवशी उजव्या डोळ्याची लांबी 23.90 मिलिमीटर होती. सहा महिन्यांनी ती 24.06 झाली आणि नंबर 2.50. या वयात नंबर नसलेल्या मुलांचाही डोळा वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर वाढतो. हिचा सहा महिन्यांतच 0.16 वाढला होता. आई म्हणाली, "एवढे पैसे घातले आणि नंबर वाढलाच की! आता थेंबही सुरू करूया."

डॉक्टरांनी थेंब लिहून देण्याआधी मुलीलाच विचारले, चष्मा कधी काढतेस? उत्तर आले, "शाळेतून आल्यावर." शाळा दीडला सुटते, म्हणजे चष्मा दिवसाला जेमतेम सहा तास लागत होता. शिवाय फ्रेम नाकावरून घसरत होती आणि ती काचेच्या वरच्या कडेवरून बघत होती.

या काचांच्या मधोमध सुमारे 9 मिलिमीटरचा नेहमीच्या नंबराचा स्वच्छ भाग असतो आणि त्याभोवती शेकडो बारीक भिंगे. मधल्या भागातून स्पष्ट दिसते. भोवतालची भिंगे काही प्रकाश पडद्याच्या पुढे एकवटतात आणि त्यातून डोळ्याला 'आता वाढू नको' असा इशारा मिळतो. बाहुली त्या मधल्या भागासमोर असेल तरच हे जमते. फ्रेम चार मिलिमीटर खाली आली की महागडी काच असून नसल्यासारखी.

आम्ही नाकाचे पॅड बदलले, कानामागे पट्टी लावली, आणि चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ठेवायचे ठरले. पुढच्या सहा महिन्यांत लांबी 24.13 झाली, म्हणजे 0.07 ची वाढ. नंबर 2.50 वरच राहिला. थेंब तूर्त लागले नाहीत. प्रत्येक मुलात इतका फरक पडेल असे आम्ही म्हणणार नाही, पण एक उपचार नीट पाळला जातो की नाही हे पाहिल्याशिवाय दुसरा वर चढवू नये, हे आम्ही या मुलीकडून शिकलो. दिवसाला बारा तास चष्मा हे लक्ष्य धरा. सुरुवातीचे काही दिवस कडेने थोडे धूसर दिसल्याची तक्रार येते. ती बहुतेक मुलांत लवकर जाते.

थेंब

अ‍ॅट्रोपिनचे हे थेंब आम्ही विकत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. रात्री झोपताना प्रत्येक डोळ्यात एक थेंब घालायचा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा. किती तीव्रतेचे घ्यायचे यावर डॉक्टरांत मतभेद आहेत आणि त्याला कारण आहे. हाँगकाँगच्या 2019 मधल्या अभ्यासात औषध नसलेल्या थेंबांवर मुलांचा नंबर वर्षात सरासरी 0.81 वाढला, 0.01 टक्क्यावर 0.59 आणि 0.05 टक्क्यावर 0.27. तीव्रता वाढवली की परिणाम वाढतो. पण बाहुली थोडी मोठी राहून उन्हात डोळे दिपण्याची आणि वाचताना अडखळण्याची शक्यताही वाढते.

बाटली घेताना आकडा मोठ्याने वाचा. तपासणीसाठी वापरतात ते 1 टक्का अ‍ॅट्रोपिन याच औषधाचे आहे, पण 0.01 टक्क्याच्या शंभर पट तीव्र. चुकून ते घातले तर बाहुली काळीभोर मोठी होते आणि मुलाला पुस्तकातली अक्षरे दिसेनाशी होतात. असे झाले तर पुढचा थेंब न घालता लगेच डॉक्टरांना कळवा. बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. तोंडात गेल्यास हे औषध विषारी ठरते.

थेंब निदान दोन वर्षे तरी चालतात, बहुधा त्याहून जास्त. बाटली संपली म्हणून मनानेच बंद करू नका. अचानक थांबवल्यास नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो, विशेषतः तीव्र थेंबांनंतर आणि लहान वयात.

मोकळे आकाश

चीनमधल्या ग्वांगझू येथे शाळेत रोज 40 मिनिटे बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्क्यांना. म्हणजे उजेडाचा फायदा मुख्यतः नंबर लागण्याआधी होतो. लागलेल्या नंबरावर त्याचा परिणाम कमी दिसतो. म्हणून चष्मा लागलेल्या मुलीला बाहेर पाठवताना तिच्या धाकट्या भावाला आधी पाठवा. रोज दोन तासांचे लक्ष्य ठेवा.

"पावसाळ्यात चार महिने कुठे पाठवू?" असे पालक विचारतात. ढगाळ दिवशीही उघड्यावरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. पाऊस ओसरला की अंगणात, छत्री घेऊन रस्त्यावर, काहीही चालेल. बाल्कांवात बसून मोबाईल पाहणे मात्र यात धरू नका. छपराखाली उजेड कमी आणि नजर पुन्हा वीतभर अंतरावर. उन्हात टोपी घालायला हरकत नाही.

तपासणीला येताना

दर सहा महिन्यांनी या, आधीची लांबीची नोंद घेऊन या. निर्णय मात्र वर्षभराच्या आकड्यावर होऊ द्या. मधल्या काळात फ्रेम सैल वाटली तर वाट पाहू नका. ती घट्ट करण्याचे आम्ही पैसे घेत नाही. नंबर मुद्दाम कमी ठेवून द्या, असे कृपया सांगू नका. अपुऱ्या नंबराने वाढ थांबत नाही. आणि मुलाला अचानक डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके उठले किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.