प्रश्नप्रवाहिता आणि शोधक प्रश्न: एकाच तक्त्यात मोजू नका

बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनाच्या टाचणावर वर ‘कौशल्य: प्रश्न विचारणे’ एवढंच लिहिलेलं असतं. खाली दहा-बारा प्रश्न, आणि सहाध्यायींच्या प्रत्याभरण तक्त्यात ‘प्रश्न स्पष्ट होते’, ‘आवाज चांगला होता’, ‘प्रश्न खोलात नेणारे होते’ असे सगळे रकाने एकत्र. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि ती एका सहा मिनिटांच्या पाठात कोंबली की एकाचाही सराव होत नाही.

पहिलं, प्रश्नप्रवाहिता, बहुतेकांना येतं. ठरलेल्या वेळात अर्थपूर्ण प्रश्न किती विचारले, ते नेमके, थोडक्यात आणि व्याकरणशुद्ध होते का, प्रश्नानंतर थांबला का, हे त्यात पाहायचं. स्वतःचाच प्रश्न पुन्हा विचारणं, विद्यार्थ्याचं उत्तर जसंच्या तसं उच्चारणं, स्वतःच उत्तर देऊन टाकणं या तीन सवयी मोडायच्या. सहा मिनिटांत बारा-पंधरा प्रश्न सहज होतात.

दुसरं म्हणजे शोधक प्रश्न, ज्याला वर्गात सर्रास ‘प्रोबिंग’ म्हणतात. घोळ इथे आहे. शोधक प्रश्न म्हणजे अवघड प्रश्न असा समज पक्का झाला आहे, म्हणून विद्यार्थी-शिक्षक ‘का’ आणि ‘कसे’ने सुरू होणारे पाच प्रश्न लिहून आणतात. उत्तर आलं की ‘छान, बस’ म्हणतात आणि पुढच्या ‘का’कडे वळतात. हा प्रवाहितेचाच पाठ झाला, फक्त प्रश्न जड. शोधक प्रश्न कागदावर आधी अस्तित्वातच नसतो. विद्यार्थ्याच्या उत्तरातून तो जन्मतो. म्हणून प्रवाहितेचं टाचण प्रश्नांचं असतं आणि शोधक प्रश्नांचं टाचण उत्तरांचं असतं. डाव्या रकान्यात मुख्य प्रश्न तीनच, आणि प्रत्येकापुढे येऊ शकणारी चार उत्तरं: काहीच नाही, अर्धवट, चुकीचं, बरोबर. प्रत्येक उत्तरापुढे तुमची पुढची चाल.

कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. भूगोलाचा पाठ, पंचगंगेचा पूर. मुख्य प्रश्न: ‘पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी लवकर का उतरत नाही?’

उत्तरच आलं नाही, तर सूचक प्रश्न. ‘पंचगंगा पुढे कुठे मिळते?’ ‘नृसिंहवाडीला, कृष्णेला.’ ‘त्या वेळी कृष्णा कशी असते?’ ‘तीही भरलेली.’ ‘मग आपल्या नदीच्या पाण्याचं काय होईल?’ इथे प्रत्येक पायरीचं उत्तर विद्यार्थ्याने स्वतः दिलं. पुढची नदी भरल्याने मागे पाणी तुंबणं, याला इथे ‘फुग’ म्हणतात. ‘कृष्णेची फु...?’ असं अर्धं तोडून वर्गाकडून ‘ग!’ वदवून घेणं म्हणजे सूचक प्रश्न नव्हे. ती गाळलेली जागा आहे, आणि ती सूचनेच्या रकान्यात मोजू देऊ नये.

इथल्या वर्गात खरं येणारं उत्तर म्हणजे ‘फुग येते.’ हे उत्तर सर्वांत फसवं. शब्द घरोघरी माहीत आहे, म्हणून शिक्षक खूश होऊन पुढे जातो. पण फुग म्हणजे नेमकं काय होतं हे त्या मुलाला माहीत आहे का, हे अजून कळलेलंच नाही. इथे अधिक माहिती मागायची: ‘फुग येते म्हणजे पाणी कुठे अडतं? कशामुळे?’

तिसरं उत्तर: ‘राधानगरीचं पाणी सोडतात म्हणून.’ हे चुकीचं म्हणून खोडू नका. भोगावतीतून येणाऱ्या पाण्याने पातळी चढते, हे खरंच. ‘त्याने पाणी वाढतं, बरोबर. समजा विसर्ग बंद झाला, तरी उतरायला वेळ का लागेल?’ असं त्याच्या उत्तरातलं बरोबर ते ठेवून पुढे न्या.

पूर्ण बरोबर उत्तर आलं तरी काम संपत नाही. ‘हे फुगीमुळेच आहे हे कशावरून ठरवशील? कोणती नोंद पाहशील?’ विद्यार्थी नृसिंहवाडीजवळच्या कृष्णेच्या पातळीपर्यंत पोचला, तर तो विचार करतो आहे. तोच प्रश्न दुसऱ्याकडे वळवणं ही पाचवी चाल. ती वाईट नाही, पण सोपी असल्याने नवशिके तिच्यावरच जगतात. ‘तू सांग, तू सांग’ करत चौघांना विचारलं तरी उत्तर तसूभर खोल जात नाही.

आता बैठकीची आखणी. भारतात रूढ असलेलं चक्र 36 मिनिटांचं: अध्यापन 6, प्रत्याभरण 6, पुनर्नियोजन 12, पुनराध्यापन 6, पुन्हा प्रत्याभरण 6. विद्यार्थी म्हणून पाच ते दहा सहाध्यायी बसतात, आणि शोधक प्रश्नांचा पाठ नेमका इथेच कोसळतो. सहाध्यायींना सगळं येतं आणि मैत्रिणीचा पाठ बिघडू नये म्हणून ते पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर देतात. मग शोधायला उरतं काय? म्हणून आधी चिठ्ठ्या वाटा. सहा जणांत एकाला ‘गप्प राहा’, दोघांना ‘अर्धवट उत्तर दे’, एकाला ‘चुकीचं दे’, दोघांना ‘बरोबर दे’. कोणाकडे कोणती चिठ्ठी आहे हे शिकवणाऱ्याला कळू देऊ नका. शिवाय दोन निरीक्षक आणि एक वेळ पाहणारा.

निरीक्षकांचा तक्ताही कौशल्यानुसार बदलतो. प्रवाहितेच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक प्रश्न. शोधक प्रश्नांच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक उत्तर, आणि रकाने फक्त तीन: उत्तर कसं होतं, शिक्षकाने काय केलं, त्यानंतरचं उत्तर सुधारलं का. भरलेला तक्ता असा दिसतो:

| उत्तर | शिक्षकाची चाल | नंतरचं उत्तर |
|---|---|---|
| गप्प | 1 सेकंदात दुसऱ्याकडे वळवला | नाही |
| ‘फुग येते’ | ‘शाब्बास’, पुढे गेला | विचारलंच नाही |
| ‘धरणाचं पाणी’ | अधिक माहिती मागितली | सुधारलं |

पहिल्या ओळीतला तो सेकंद मुद्दाम नोंदवा. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणं कमी झालं. निरीक्षकाने मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजलं तरी पुरतं.

‘आत्मविश्वास उत्तम’, ‘फलकलेखन छान’ अशा ओळी या तक्त्यात नकोतच. श्रेणीही पहिल्या फेरीत देऊ नका. मित्राला कोणी कमी श्रेणी देत नाही, पण ‘अर्धवट उत्तरं तीन, त्यांतली दोन तशीच सोडून पुढे गेलास’ हे आकडे भीड न ठेवता सांगता येतात. प्रत्याभरणाच्या 6 मिनिटांत दोन निरीक्षकांनी आधी आपल्या ओळी जुळवून पाहाव्यात. एकाने ‘सूचक’ आणि दुसऱ्याने ‘उत्तर सांगितलं’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं आठवून ठरवावं.

पुनर्नियोजनाच्या 12 मिनिटांत नवे प्रश्न लिहू नका. मुख्य प्रश्न तेच, फक्त हुकलेल्या दोन उत्तरांपुढची चाल बदला. पुनराध्यापनाला दुसरे सहा जण बसवा आणि चिठ्ठ्या पुन्हा पिसा. गट तोच ठेवला तर ‘फुग येते’ म्हणणारा आता पूर्ण स्पष्टीकरण देईल आणि तिसरा रकाना खोटा भरेल.