घाम खारट, शहाळं गोड

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. दोन वर्षांच्या नातवाला सकाळपासून जुलाब लागले होते. त्यांनी ओआरएस मागितलं. दुकानदाराने फ्रीजमधून सफरचंदाच्या चवीचा एक खोका काढून दिला, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने आपुलकीने सांगितलं, "शहाळंही पाजा हो, त्यात सगळं असतं." खोका आणि शहाळं, त्या दिवशी त्या पोराला दोन्हींची गरज नव्हती. हवी होती ती स्वस्तातली ओआरएसची पुडी.

उन्हाळ्यात शरीरातून पाणी दोन वाटांनी जातं, घामातून आणि पोट बिघडलं की जुलाबातून. दोन्हींत पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणजे मुख्यतः सोडियम. एक लिटर घामातून साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ निघून जातं. पोटॅशियम मात्र फारच थोडं जातं, लिटरला जेमतेम पाव ग्रॅम.

आता शहाळ्याकडे बघा. त्याच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियम दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे घामाच्या आठ-दहा पट. सोडियम झाडागणिक आणि मातीगणिक बदलतं, पण बहुधा कमीच असतं. जे गेलं ते थोडं आणि जे फारसं गेलंच नाही ते भरपूर, असा शहाळ्याचा हिशेब आहे. शहाळं वाईट नाही. बाटलीबंद सरबतापेक्षा त्यात साखर कमी, आणि दुपारी उन्हातून आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते घामाची भरपाई करतं हा समज चुकीचा आहे.

नागपुरातल्या एखाद्या गवंड्याचा दिवस धरू. सकाळी त्याचं वजन ६२ किलो. दुपारी एकला ६०.५ किलो. मधल्या वेळात तो दोन लिटर पाणी प्यायला. लघवीचा हिशेब सोडला, तर घाम गेला साडेतीन लिटर आणि मीठ सात ते नऊ ग्रॅम. त्याने नुसतं पाणीच पीत राहायचं ठरवलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं, आणि तो "ऊन लागलं" समजून आणखी पाणी पितो. दोन शहाळ्यांनीही हा खड्डा भरत नाही. भरतो तो जेवणाने. भाकरी, मीठ घातलेलं वरण, ठेचा, लोणच्याची फोड, वर दोन ग्लास मिठाचं ताक. अंगमेहनत करणाऱ्याचा क्षारांचा सर्वांत मोठा साठा त्याच्या डब्यात असतो. गडबड होते ती उन्हामुळे भूक मेली आणि डबा तसाच परत गेला की. अशा दिवशी ओआरएस खरंच कामाला येतं. जो माणूस नुकताच कामाला लागला आहे त्याला जास्त जपावं लागतं, कारण उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि सवय झाल्यावरच घामातलं मीठ कमी होतं.

दिवसभर पंख्याखाली बसून नीट दोन वेळा जेवणाऱ्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. आपण रोज मीठ गरजेपेक्षा जास्तच खातो. त्याला माठातलं पाणी पुरे.

ताकात चिमूटभर मीठ म्हणजे किती, हे मी एकदा छोट्या काट्यावर मोजलं. माझी चिमूट ०.४ ग्रॅमची निघाली. २०० मिलीलिटर ताकात ती घातली की लिटरमागे दोन ग्रॅम मीठ होतं, म्हणजे जवळजवळ घामाएवढंच. आपल्या आज्यांच्या हाताला हे प्रमाण काट्याशिवाय ठाऊक होतं. पन्हं आणि कोकम सरबतातही मीठ असतं, फक्त गूळ-साखर सढळ हाताने पडते, तेवढी बेताने घालावी.

जुलाबाची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रश्न आतड्याचा असतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक प्रथिन दारासारखं काम करतं. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण बरोबर आले की ते त्यांना आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. जुलाबातसुद्धा हे दार बहुधा शाबूत राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

आजच्या एका लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. साखर मुद्दाम मोजकी ठेवलेली आहे. गोड खोक्यांत ती कितीतरी पट असते आणि सोडियम कमी. इतकी साखर आतड्यात उतरली की ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली. तरी पुडी हातात घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचून घ्या.

पुडी एक लिटरची की २०० मिलीलिटरची, हेही बघा. मोठी पुडी एका ग्लासात कालवली तर मूल खारट विष पितं. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात घालू नये, कारण भुकटीतले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. तयार पाणी २४ तासांत संपवा. दूध किंवा रसात कालवू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा, आणखी सावकाश. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, दूध जास्त वेळा पाजावं, आणि जुलाब असतील तर डॉक्टरांना दाखवावं.

पुडी नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट हा शब्द महत्त्वाचा. काट्यावर माझा सपाट अर्धा चमचा ३ ग्रॅम भरला, शिगोशीग भरल्यावर जवळपास दुप्पट. एवढं मीठ लहान बाळाला झटके आणू शकतं. पाजण्याआधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. कोकणात तापात देतात ती मिठाची पातळ पेजही उत्तम, कारण तांदळातला स्टार्च पचताना ग्लुकोज हळूहळू सुटतं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाब किंवा हृदयासाठी पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी शहाळं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

आणि उन्हात कोसळलेला माणूस असंबद्ध बोलत असेल, अंग भाजल्यासारखं तापलं असेल, तर त्याच्या तोंडाला ना शहाळं लावायचं ना पुडीचं पाणी. ते श्वासनलिकेत जाईल. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, आणि १०८ ला फोन लावा.