वडिलांच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा: मोफत वकिलाचा अर्ज कसा करायचा आणि लोकअदालतीत सही कधी करायची

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, सगळी भावंडं एका छपराखाली जमतात आणि पाचव्या-सातव्या दिवशी कुणीतरी बागेचा विषय काढतं. तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून बसायला लागल्यापासून मी पाहतोय, विसर्जन झालं की त्याच्या पुढच्या आठवड्यात बायका चौकशीला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. सातबाऱ्यावर भावांची नावं आहेत, माझं नाही, आणि वकील करायला पैसे नाहीत. मी काय करू?

दापोली तालुक्यातलं एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण मी समोर बघितली आहे. वडील 2011 साली वारले, आई त्याआधीच गेलेली. मागे दोन भाऊ आणि दोन बहिणी. मालमत्तेत 60 गुंठे वरकस जमीन आणि तिच्यावर हापूसची 40 कलमं, आठ-आठ गुंठ्यांची दोन भातखाचरं आणि राहतं घर. वारसनोंद करताना कब्जेदार म्हणून फक्त भावांची नावं लागली, बहिणी 'इतर हक्का'च्या रकान्यात गेल्या. धाकटी बहीण चिपळूणजवळ दिलेली, तिचा नवरा रिक्षा चालवतो. तिला आपला वाटा हवा आहे.

पहिली गोष्ट तिच्या हक्काची. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार. वडील त्या वेळी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. मृत्युपत्र नसेल तर या घरात चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा येतो. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असेल, तर ते या दुरुस्तीने मोडत नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत हिस्से त्यांच्या त्यांच्या कायद्याने ठरतात. अर्जाची रीत मात्र सगळ्यांना हीच.

आता मोफत वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमलात आला 1995 साली. त्याच्या कलम 12 मध्ये पात्र लोकांची यादी आहे आणि त्यात 'स्त्री किंवा बालक' असं स्वतंत्र लिहिलेलं आहे. तिथे उत्पन्नाची अट नाही. म्हणजे या बाईने नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा नाही, तिला तो कुणी मागितला तर ती चूक आहे. असे दाखले काढायला तहसीलमध्ये दोन-दोन खेपा घालून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या खेपा नाहक झालेल्या असतात. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला माणूस यांनाही उत्पन्न विचारलं जात नाही. त्यांनी फक्त त्या-त्या गोष्टीचा पुरावा जोडायचा. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्नाची मर्यादा आहे आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्रही चालू शकतं.

अर्ज द्यायचा तालुका विधी सेवा समितीकडे. तिचं कार्यालय तालुक्याच्या कोर्टातच असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, रत्नागिरीत जिल्हा न्यायालयात, सिंधुदुर्गात ओरोसला. घरातून करायचा तर nalsa.gov.in वर करता येतो, आणि 15100 या क्रमांकावर विचारता येतं. दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात चालणार, म्हणून या बाईने अर्ज चिपळूणला न देता दापोलीलाच दिलेला बरा. छापील अर्ज तिथे मिळतो. लिहिता येत नसेल तर विचारून भरून घेणं, वाचून दाखवणं आणि मग सही-अंगठा घेणं हे कार्यालयाचं काम आहे.

सोबत काय न्यावं? आधार, सगळ्या जमिनींचे चालू सातबारा आणि 8अ, 2011 च्या वारसनोंदीच्या फेरफाराची नक्कल, घराचा ग्रामपंचायतीकडचा असेसमेंट उतारा, वडिलांचा मृत्यूदाखला आणि साध्या कागदावर लिहिलेली वंशावळ. यातला फेरफार लोक विसरतात, आणि नेमका तोच महत्त्वाचा, कारण बहिणी वारस असल्याचं सरकारी दप्तरातच कबूल झालेलं त्यात दिसतं. कलम 13 प्रमाणे प्रकरणात सकृतदर्शनी दम आहे का हे समितीला पाहावं लागतं. हा कागद जोडलेला असला की तो प्रश्न तिथेच मिटतो.

आणि एक कागद बायका लपवतात, तो म्हणजे हक्कसोडपत्र. 'दादाने सही कर म्हटलं, मी केली,' असं मग तिसऱ्या भेटीत कळतं. नोंदणी कार्यालयात जाऊन सही केली असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. त्याने दाव्याची सगळी मांडणी बदलते आणि ते उघडं पडल्याशिवाय राहत नाही.

अर्जावर जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर कारण मिळतं आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश. मंजूर झाला तर पॅनेलवरचा वकील नेमला जातो, त्यांतला एखादा हवा असेल तर तसं अर्जात लिहिता येतं. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला हे सगळं त्यात येतं. वकिलाने वर पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, सचिवांना लेखी कळवायचं. वकील बदलूनही मागता येतो. एसटीचं भाडं आणि भूमी अभिलेखची मोजणी फी मात्र आपल्याच खिशातून जाणार असं धरून चाला.

दावा लावण्याआधी एक वाट आहे. समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला की भावांना बोलावणं जातं. ते आले नाहीत तर त्यांच्यावर कसली सक्ती नाही आणि त्यांच्या गैरहजेरीत काही ठरवताही येत नाही. आपल्या उदाहरणात थोरला भाऊ मुंबईहून आलाच नाही, मग वाटपाचा दावा दाखल झाला. वर्षभराने, भाऊच थकल्यावर, प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं ठरलं. राष्ट्रीय लोकअदालत साधारण तीन महिन्यांनी भरते, बहुतेक शनिवारी.

पॅनेलवर न्यायाधीश असले तरी लोकअदालत निकाल देत नाही. दोन्ही बाजूंचं जुळलं तरच ती तडजोडीवर शिक्का मारते. जुळलं नाही तर कागद जसेच्या तसे कोर्टात परत जातात, दावा पुढे चालतो, मोफत वकीलही कायम राहतो. त्या दिवशी 'नाही' म्हटल्याने काही जात नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका दुपारच्या गर्दीत, 'साहेब समोर बसलेत, कशाला ताणायचं' म्हणत सही करून मोकळ्या होतात. सही झाली की निवाडा होतो आणि तो दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याइतकाच पक्का असतो. त्यावर अपील नाही. फसवणूक झाली किंवा संमतीच नव्हती अशा मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट करता येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ते ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे होतं, पण तिथे जायची वेळ येऊ नये एवढं बघावं.

म्हणून तडजोडीची पुरसिस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून द्यायचं लेखी निवेदन, वाचणं हे त्या दिवसाचं खरं काम. आपल्या बाईच्या पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती: 'उभयतांनी समजुतीने सरस-निरस मानाने वाटप करून घ्यावे.' ऐकायला गोड, पण असा निवाडा हातात घेऊन गेलं की पुन्हा बांधावर भांडण, कारण आंब्याचं कुठलं कलम कुणाचं हे लिहिलेलंच नाही. वकिलाने तो बदलून घेतला. आठ गुंठ्यांच्या खाचराचे चार तुकडे करण्यात अर्थ नव्हता, आणि तुकडेबंदीच्या कायद्यात ते अडकलं असतं. म्हणून दोन्ही खाचरं आणि घर भावांना. त्या बदल्यात 60 गुंठ्यांपैकी उत्तरेकडचे 40 गुंठे बहिणींना सामायिक, त्यातली 27 कलमं मोजून, चतुःसीमा आणि नकाशासह. बागेकडे जाणारी पायवाट भावांच्या जागेतून जाते, ती कायम राहील अशी वेगळी अट. फरकापोटी धाकटीला दीड लाख रुपये दोन हप्त्यांत, तारखा लिहून, आणि चुकल्यास व्याज आणि घरावर बोजा.

थोरल्या बहिणीला या वादात पडायचं नव्हतं. तरीही तिची सही घ्यावीच लागली. वाटपात एक हिस्सेदार वगळला तर निवाडा त्याच्यावर बंधनकारक होत नाही आणि सगळं पुन्हा उघडू शकतं. मुंबईचा भाऊ येऊ शकत नव्हता, म्हणून त्याने मुखत्यारपत्र पाठवलं. पहिल्यात 'कोर्टात हजर राहणे' एवढाच अधिकार होता, ते परत पाठवून 'तडजोड करणे व सही करणे' हे शब्द घालून आणावं लागलं. त्यात एक लोकअदालत हुकली, तीन महिने गेले. आणखी एक गोष्ट तपासली. दाव्यात न लिहिलेली एखादी जमीन तडजोडीत आली तर तेवढ्यासाठी नोंदणी लागते. स्टँप किती लागेल तेही वकिलाकडून त्याच दिवशी समजून घेतलं.

निवाड्याची प्रमाणित प्रत पक्षकारांना फुकट मिळते. ती घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफाराचा अर्ज द्यायचा. नोटिशीचे पंधरा दिवस गेले आणि हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबारा नवा निघेपर्यंत दर महिन्याला bhulekh.mahabhumi.gov.in वर पाहत राहा, अर्ज दिला म्हणजे नोंद झाली असं होत नाही.

दुसरा हप्ता आला नाही. बाई पुन्हा आली तेव्हा नवा दावा लावायचा का असं विचारत होती. नव्या दाव्याची गरज नसते. निवाडा हाच हुकुमनामा, त्यामुळे त्याच कोर्टात अंमलबजावणीची दरखास्त लावायची. मुदत बारा वर्षांची असते, आणि त्यासाठीही वकील समितीकडूनच मिळतो. तिने अर्ज पुन्हा भरला, या वेळी स्वतःच्या हाताने.