फिरती मस्करी आणि मुक्कामी मस्करी

मुंबईतल्या ऑफिसात मस्करीशिवाय दिवस ढकलणं कठीण. कुणाची फास्ट चुकली, कुणाच्या डब्यात सलग तिसऱ्या दिवशी भेंडी आली, कोण मीटिंगमध्ये पेंगलं, काही ना काही चालूच असतं. ही फिरती मस्करी. आज माझ्यावर, उद्या तुमच्यावर. हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक असते, ती मुक्कामी एसटीसारखी रोज त्याच गावात येऊन थांबते. दोन्हींत हसणं तेच असतं आणि करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हेही तेच. त्यामुळे दुसरीबद्दल कुणी कुरकुरलं की पहिलीचा दाखला मिळतो: ‘अगं, इथे सगळ्यांचीच खेचतात.’

सगळ्यांची खेचतात हे खरंच असतं. फक्त इतरांची दर वेळी वेगळ्या गोष्टीवरून खेचतात, आणि त्या कुरकुरणारीची एकाच.

समजा, यवतमाळकडची एक मुलगी अंधेरीतल्या विमा कंपनीच्या क्लेम विभागात लागली. काम चोख. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एका फाइलबद्दल विचारलं आणि ती म्हणाली, ‘हो, तेच करून राहिली.’ समोरचा खळखळून हसला. ‘करून राहिली? कुठे राहिली?’ तीही हसली. त्या क्षणी ती फिरतीच मस्करी होती. नवीन माणसाला कुणी दखलपात्र समजतंय, याचं थोडं बरंही वाटतं.

मग ते रुळलं. सकाळी ‘मॅडम येऊन राहिल्या’, दुपारी ‘जेवून राहिल्या का?’ ती ‘काहून’ म्हणाली की आजूबाजूच्या चार टेबलांवरून ‘काहून, काहून’ असा प्रतिध्वनी. ‘पाणी’ म्हणताना ‘ण’ नीट उमटतो का, हे पाहायला तिला मुद्दाम पाणी मागायला लावणं. यातला कुणीही दुष्ट नाही. यातल्याच एकाने तिला भाड्याची खोली शोधून दिली असेल, दुसरी रोज तिच्यासाठी लोकलमध्ये जागा धरत असेल. आणि विचारलंत तर प्रत्येक जण सांगेल, ‘मी कुठे रोज बोलतो? कधीतरी एखादं वाक्य.’ तोही खरं बोलतोय. पण सात जण आठवड्यातून दोनदा बोलले तर तिच्या वाट्याला चौदा येतात. करणाऱ्याच्या खात्यात दोन आणि ऐकणारीच्या खात्यात चौदा, आणि चौदाही एकाच जागी. दोघांचे हिशेब जुळत नाहीत, ते इथे.

दुसरा फरक हेतूचा. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे करणाऱ्याला आतून माहीत असतं, म्हणून ते समोरच्यालाही दिसत असणार असं तो धरून चालतो. जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. एकाच चिडवण्याबद्दल चिडवणाऱ्याला आणि ज्याला चिडवलं त्याला वेगवेगळं विचारलं, तर चिडवणाऱ्याला ते जास्त गमतीचं आणि निरुपद्रवी वाटत होतं. कारण साधं आहे. त्याच्याकडे शब्द आणि हेतू दोन्ही असतात, ऐकणाऱ्याकडे फक्त शब्द. त्यामुळे हेतू चांगला असला म्हणून परिणाम सौम्य होईल, असं गृहीत धरता येत नाही. आणि मला तर वाटतं, चांगला हेतू इथे उलट अडचणच करतो. वाईट हेतूने बोलणाऱ्यावर रागावता येतं. जागा धरून ठेवणाऱ्या मैत्रिणीवर कसं रागवायचं? मग तो राग बाहेर जात नाही, ‘आपणच जरा जास्त मनाला लावून घेतो’ असा आत वळतो.

आता ती काय करते ते पाहा, कारण खरी झीज तिथे होते, चिडवण्याच्या त्या दोन सेकंदांत नाही.

आधी ती स्वतःच स्वतःची नक्कल करायला लागते. कुणी म्हणायच्या आत ‘मी आपली राहिली-गेली वाली’ असं म्हणून मोकळी होते. ऑफिसला वाटतं, किती स्पोर्टिंग आहे. प्रत्यक्षात तिने वार चुकवण्यासाठी तो आपल्याच हाताने करून घेतलेला असतो. मग आईचा फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलते. मग जे टेबलावर जाऊन सांगता आलं असतं, ते ती व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवते. मीटिंगमध्ये बोलण्याआधी वाक्य मनात एकदा घोळवते, ‘करून राहिली’चं ‘करतेय’ करते, ‘ण’ तपासते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. बोलते तेव्हा अडखळते, कारण तिचं अर्धं लक्ष मुद्द्यावर आणि अर्धं स्वतःच्या तोंडावर असतं. वर्षअखेरीला अप्रेझलमध्ये साहेब लिहितात: काम उत्तम, कम्युनिकेशनवर मेहनत हवी. तिला ते आपल्या भाषेबद्दलचं प्रमाणपत्र वाटतं. अडखळणं भाषेतून नव्हे, पहाऱ्यातून आलं होतं, हे ना साहेबांना कळतं ना तिला.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये लोकांसमोर वाटणाऱ्या भीतीबद्दल जी मांडणी केली, ती इथे बरोबर लागू पडते. माणूस भीतीपोटी स्वतःला वाचवण्याच्या छोट्या युक्त्या करतो: कमी बोलणं, वाक्य पाठ करून बोलणं, नजर चुकवणं. त्या क्षणापुरता त्यांनी आराम मिळतो. पण त्याच युक्त्यांमुळे ‘आपण आपल्या बोलीत बोललो असतो तर काहीच बिघडलं नसतं’ हे कळायची संधी जाते. दिवस निभावला की श्रेय युक्तीला मिळतं, स्वतःला नाही. म्हणून भीती पुराव्याशिवाय टिकून राहते आणि चिडवणं कमी झालं तरी ती कमी होत नाही.

आत्मसन्मानाचा यात काय संबंध? तो आपण एकट्याने, आरशात पाहून ठरवत नाही. मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, आपण माणसांत किती धरले जातो आहोत याचा मनात सतत एक अंदाज चालू असतो आणि आत्मसन्मान त्या अंदाजाबरोबर वरखाली होतो. फिरत्या मस्करीतून त्या अंदाजाला ‘तू आमच्यातली’ असा निरोप मिळतो. मुक्कामी मस्करीतून दोन निरोप एकदम मिळतात: तू आमच्यातली, पण या एका बाबतीत नाहीस. आणि ती बाब बदलण्यासारखी नसते. तोंडात बसलेले उच्चार विशी-पंचविशीत ठरवून पुसून टाकणं फार अवघड, आणि का पुसायचे हा प्रश्न आहेच. भेंडी उद्या बदलता येते. ‘ण’ बदलायला तोंडच बदलावं लागतं.

रूपाबद्दल हेच, फक्त लपवायची सोय वेगळी. उच्चार गप्प राहून लपवता येतो, म्हणून तिथे झीज बोलण्यात दिसते. रंग, दात, उंची, वजन गप्प राहून लपत नाही, म्हणून तिथे ती उभं राहण्यात दिसते: ग्रुप फोटोत कायम मागच्या रांगेत, हसताना तोंडावर हात, ट्रेनमध्ये ओढणी सारखी सारखी सावरणं. आणि ही मस्करी बहुधा घरातच मुक्कामाला असते. ‘आमची जाडी’, ‘काळुंद्री’, हळदीला आलेल्या मावशीचं ‘अगं, हिला जरा जास्त लावा.’ मायेनेच म्हटलेलं. अमेरिकेत मिनेसोटातल्या 4,746 किशोरवयीन मुलांच्या पाहणीत (2003) वजनावरून चिडवल्या जाणाऱ्यांमध्ये आत्मसन्मान कमी आणि उदासीची लक्षणं जास्त आढळली. महत्त्वाचं म्हणजे प्रत्यक्ष वजन किती आहे हे बाजूला ठेवूनही हा संबंध उरला, आणि घरचे व सोबती दोघेही चिडवत असतील तिथे तो अधिक ठळक होता. ती एका वेळची पाहणी होती. त्यामुळे चिडवण्यानेच सगळं घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही, आधीच खचलेल्याला चिडवणं जास्त लागत असेल हीही शक्यता उरते. पण ‘जाड आहे म्हणून वाईट वाटतं, आमच्या बोलण्याने नाही’ हा घरातला आवडता युक्तिवाद मात्र त्यापुढे टिकत नाही.

मग पुन्हा पुन्हा केलेली प्रत्येक मस्करी मुक्कामीच का? नाही. शाळेपासूनचे दोन मित्र एकमेकांना वीस वर्षं ‘टकल्या’ आणि ‘ढापण्या’ म्हणत असतील आणि दोघांचं उत्तम चाललेलं असेल. तिथे परतफेड होते. आमच्या यवतमाळच्या मुलीने टीम लीडरच्या डोंबिवली स्टाइल इंग्रजीची चार टेबलांसमोर नक्कल केली असती, तर ती तितक्याच हसण्यावारी गेली असती का? उत्तर द्यायला तुम्ही थांबलात, तर ती परतफेड नव्हती. ती हसते की नाही, ही खूण मात्र कामाची नाही. हसणं हे त्या ऑफिसात राहण्याचं भाडं आहे, ते सगळेच भरतात. पाहायचं ते काय कमी होत चाललंय: फोन, प्रश्न, फोटो, जोरात बोलणं.

करणाऱ्यासाठी एक सोपी तपासणी आहे. पंधरा दिवस तो एक विषय न काढता तिच्याशी बोलून पाहा. बोलायला दुसरं काही सुचत नसेल, तर तुमच्यासाठी ती माणूस कमी आणि उच्चार जास्त झाली आहे. आणि थांबायचं असेल तर गाजावाजा न करता थांबा. ‘आता हिला कुणी काही बोलायचं नाही हां, मॅडमना वाईट वाटतं’ असं सगळ्यांसमोर जाहीर करणं ही त्याच मस्करीची पुढची फेरी असते, आणि ऑफिसात ‘सुधारणा’ बहुतेक वेळा नेमकी याच वाक्याने सुरू होते.

तिने बोलायचं ठरवलं, तर सात जणांना एकदम सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्याशी जास्त जमतं अशा एकालाच, चहाच्या टपरीवर, हेतूचा वाद न काढता सांगावं: ‘दादा, तुझ्या मनात काही नाही हे मला माहीतच आहे. पण दिवसातून दोन-तीन जण तरी बोलतात, त्यामुळे मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. तू थांबलास तर बाकीचेही थांबतील.’ हेतू आधीच मान्य केल्यामुळे ‘अगं, गंमत केली’ हे ठरलेलं उत्तर त्याच्याकडे उरत नाही, त्याला परिणामाबद्दलच बोलावं लागतं.

चिडवणं थांबल्यावर तिचा आवाज दुसऱ्या दिवशी परत येईल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. युक्त्यांची सवय उरतेच. ती एकेक करून, कमी जोखमीच्या जागेपासून मोडावी लागते: आईशी जिन्याऐवजी टेबलावरूनच बोलणं, मग एक निरोप लिहून न पाठवता उठून सांगणं, मग मीटिंगमध्ये न घोळवलेलं एक वाक्य. दर वेळी आधी स्वतःला विचारायचं, काय होईल असं वाटतंय, आणि नंतर पाहायचं, खरंच काय झालं. यवतमाळच्याच एखाद्या क्लेमदाराचा फोन आला तर तो तिने मागून घ्यावा. तिकडून ‘काहून अडकून राहिलं पेमेंट?’ असं विचारणाऱ्याला तिच्याइतकं झटपट उत्तर त्या मजल्यावर दुसरं कुणी देऊ शकणार नाही.