ऐकू येतंय, पण ऐकत नाही

रंकाळ्याच्या कट्ट्यावर सकाळी फिरायला येणारे आमच्या गल्लीतले एक काका गेल्या महिन्यात वैतागून म्हणाले, "सगळं इसरलाय ओ हा! पाचव्या महिन्यात नुसतं 'ये' म्हटलं की पळत यायचा. आता लई वरडलं तरी ढिम्म हलत नाही." हा म्हणजे त्यांचा आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर, बंड्या.

मी बंड्याला 'बस' म्हटलं. बसला की पठ्ठ्या! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

याच कोड्यावर 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी ॲशर त्यात प्रमुख होत्या. कुत्री होती अंधांचे वाटाडे म्हणून वाढवली जाणारी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकराची. त्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बस' सांगून पाहिलं, एकदा सांभाळणाऱ्या माणसाने आणि एकदा परक्याने. आठव्या महिन्यात सांभाळणाऱ्याचं न ऐकण्याचं प्रमाण वाढलं होतं, परक्याचं मात्र कुत्री आधीपेक्षा बरं ऐकत होती. शब्द विसरला असता, तर दोघांपुढेही सारखाच विसरायला हवा होता. म्हणजे बिघाड आठवणीत नाही, नात्यात आहे. मालक दूर गेला की फार कासावीस होणाऱ्या कुत्र्यांत हा हट्ट जास्त दिसला. वर्षाची होईपर्यंत गाडी पुन्हा रुळावर येताना दिसली.

हा अभ्यास ठरावीक जातींवरचा आहे. गल्लीतल्या गावठी कुत्र्याला तेच महिने तंतोतंत लागू होतील असं नाही. साधारण सहाव्या महिन्यानंतर वयात येणं सुरू होतं, आणि मोठ्या जातींत ते लांबतं. संप्रेरकं बदलतात, दुसऱ्या कुत्र्यांचे वास, त्यांच्या खुणा यांत अचानक रस येतो. घरातल्या माणसापेक्षा बाहेरचं जग जास्त 'पगार' देऊ लागतं.

बंड्याचा पगार काय होता ते पाहायला मी दोन दिवस काकांबरोबर फिरलो. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांजवळ तो खाली पडलेल्या पुऱ्या वेचायचा. काका सहा-सात वेळा 'ये' ओरडायचे आणि तेवढ्यात त्याच्या तोंडात आणखी दोन पुऱ्या. शेवटी पकडला की पट्टा लावून थेट घरी, वर एक धपाटा. आता तुम्हीच बंड्याच्या जागी उभे राहा. 'ये' या शब्दाचा अर्थ झाला 'मजा संपली', आणि पहिल्या सहा हाकांचा अर्थ काहीच नाही. घरात तर आणखी गंमत. आजी 'हिकडं ये' म्हणायच्या, नातू 'कम', काकू नुसतं नाव घ्यायच्या.

आम्ही आधी शब्द ठरवला: सगळ्यांनी 'ये', तेही एकदाच. मग दहा मीटरची हलकी दोरी आणली. ती गळपट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला बांधायची, नाहीतर धावता धावता मानेला झटका बसतो. दोरीमुळे न येण्याची कमाई बंद होते, म्हणजे पुरीपर्यंत पोचताच येत नाही. जागाही बदलली. भेळेच्या गाड्या सोडून सकाळच्या मोकळ्या कोपऱ्यात सुरुवात, तीन मीटरवरून.

हाक एकदा मारायची. दोन-तीन सेकंदांत आला तर हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा आणि लगेच पुन्हा मोकळं सोडायचं. पाचातल्या चार वेळा असं, एकदाच पट्टा लावून घरी. नाही आला तर दुसरी हाक नाही. दोरी न ओढता तिच्या कडेने आपण जवळ जायचं, अंतर कमी करायचं आणि तिथून पुन्हा सोपी हाक. दहापैकी आठ वेळा आला तर अंतर वाढवायचं, पाचाच्या खाली गेलं तर कमी करायचं. पहिल्या दिवशी दहापैकी सहा. चौथ्या दिवशी नऊ, म्हणून सहा मीटरवर गेलो. दुसरं कुत्रं दिसताच आकडा दोनवर घसरला. काका लगेच आवाज चढवायला निघाले. मी म्हटलं, काका, अंतर कमी करा, आवाज नको.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे मधूनच ढिलाई. चार दिवस शिस्त आणि पाचव्या दिवशी 'जाऊ दे, आज पुरी खाऊ दे' असं झालं, तर कधीतरी मिळणारी ती पुरी रोजच्या पुरीपेक्षा घट्ट सवय लावते. काकांनी नातवाला हे समजावलं. आजींना समजावायला मात्र आठवडा गेला, त्या गुपचूप चपाती टाकायच्या.

एक गोष्ट मात्र वयावर ढकलू नका. याच वयात लॅब्रॅडॉरच्या खुब्याचं दुखणं पुढे येऊ शकतं. कुत्रा 'ये' ऐकतो पण 'बस' टाळतो, उठताना अडखळतो, सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळतो, तर आधी पशुवैद्यक गाठायचा. बंड्या बसत होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोरीसह भेळेच्या गाड्यांपासून वीस पावलांवर उभे राहिलो. बंड्याने पुऱ्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा पुऱ्यांकडे पाहिलं. काकांनी एकदाच 'ये' म्हटलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तीन सेकंद गेले. चौथ्याला तो वळला.