पोटॅशिअम पेटतं, मग आयोडीन थंड का?

"अणू जितका मोठा, तितका तो जास्त अभिक्रियाशील." दहावीच्या मुलांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून तर डोक्यातून निघत नाही. तांदळाच्या दाण्याएवढं सोडिअम पाण्यात टाकलं, की ते वितळून गोळी होतं आणि चुरचुरत पाण्यावर सैरावैरा पळतं. तेवढंच पोटॅशिअम टाकलं, तर पाण्याला लागताच जांभळट ज्योत उठते. पोटॅशिअमचा अणू मोठा आणि त्याचा धडाकाही मोठा, इथवर वाक्य बरोबर. पण क्लोरीनपेक्षा आयोडीनचा अणू मोठा असूनही आयोडीनच मवाळ निघतं.

एक नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. मंच म्हणजे केंद्रक, खुर्च्यांच्या रांगा म्हणजे कवचं आणि प्रेक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन. पहिल्या रांगेत दोनच खुर्च्या, दुसरीत आठ. मंचावर जितके प्रोटॉन, तितका मंच प्रेक्षकांना स्वतःकडे ओढतो. पण पुढच्या रांगांतली डोकी आड येतात आणि मागच्यांपर्यंत ती ओढ जेमतेम पोचते.

सोडिअमची मांडणी 2, 8, 1. मंचावर 11 प्रोटॉन, पुढे 10 डोकी. तिसऱ्या रांगेत एकटा बसलेला इलेक्ट्रॉन ढोबळमानाने 11 वजा 10, म्हणजे एकाच प्रोटॉनची ओढ अनुभवतो. क्लोरीनची मांडणी 2, 8, 7. रांग तीच, आड येणारी डोकीही तीच 10, पण मंचावर 17 प्रोटॉन. म्हणजे ओढ सुमारे सातांची. (शेजारी बसलेलेही थोडे आड येतात, त्यामुळे खरी ओढ सातापेक्षा कमी, पण दिशा चुकत नाही.) एवढ्या ओढीने अख्खी तिसरी रांग मंचाकडे सरकते. सोडिअमची त्रिज्या 186 पिकोमीटर आहे, क्लोरीनची 99. माणसं वाढली आणि दालन आक्रसलं! आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आकार का घटतो, हे पाठ करणाऱ्यांना इथे नेहमी अडखळायला होतं, कारण इलेक्ट्रॉन वाढले की अणू फुगेल असंच मनाला वाटतं.

आता गणात खाली उतरू. पोटॅशिअमचे प्रोटॉन 19, पुढच्या तीन रांगांत 18 डोकी. शिल्लक ओढ पुन्हा एकाचीच, पण खुर्ची आता चौथ्या रांगेत. म्हणून त्रिज्या 227 पिकोमीटर. आकाराची गोष्ट एवढीच: शेवटची रांग मंचापासून किती लांब.

अभिक्रियाशीलतेचा प्रश्न वेगळा आहे. तिथे विचारायचं, की या अणूला हवंय काय. सोडिअम-पोटॅशिअमला शेवटच्या रांगेतला एकुलता एक प्रेक्षक घालवायचा असतो. तो जितका मागे, तितका सहज उठून जातो. म्हणून इथे मोठा आकार पथ्यावर पडतो. क्लोरीन आणि आयोडीन यांच्या शेवटच्या रांगेत सात जण आणि एक खुर्ची रिकामी. त्यांना बाहेरचा प्रेक्षक आत ओढून बसवायचा आहे. क्लोरीनची रिकामी खुर्ची तिसऱ्या रांगेत, आयोडीनची पाचव्या. मागच्या रांगेतून ओढ क्षीण, म्हणून इथे तोच मोठा आकार आडवा येतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. पोटॅशिअम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी थेंबथेंब घातलं, की ते तपकिरी होतं:

Cl₂ + 2KI → 2KCl + I₂

आयोडीनने सांभाळून ठेवलेला प्रेक्षक क्लोरीनने पळवला. खात्री करायची तर त्यात स्टार्चचं द्रावण घाला, निळा-काळा रंग येईल. उलटा प्रयोग फसतो: पोटॅशिअम क्लोराइडमध्ये आयोडीन घातलं, तर त्याचा स्वतःचा रंग तेवढा दिसतो, अभिक्रिया होत नाही.

म्हणून आयोडीनबद्दल "अणू मोठा, म्हणून मवाळ" असं लिहिलं तर मी गुण देतो, पण पुढे "कारण इलेक्ट्रॉन घ्यायचा आहे" हे नसेल तर अर्धेच.

नाट्यगृहाची उपमा एका ठिकाणी मात्र गडबडते. ॲल्युमिनिअमखाली गॅलिअम येतं. एक रांग वाढली, म्हणजे ते मोठं हवं. पण ॲल्युमिनिअमची त्रिज्या 143 आणि गॅलिअमची 135 पिकोमीटर. मधल्या काळात तिसऱ्या रांगेत दहा जादा प्रेक्षक येऊन बसलेले असतात आणि मंचावर दहा प्रोटॉनही वाढलेले असतात. हे दहा जण पुढे बसूनही नीट आड येत नाहीत, त्यांच्या मधून मंच दिसत राहतो, आणि चौथी रांग अपेक्षेपेक्षा पुढे ओढली जाते.